देणगीची फिल्म: रडवण्याआधी पटकथेत काय लिहावं

ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडला उतरतात आणि बागेतच झोपडी करून राहतात. मुलं सोबत जातात, शाळा सुटते. समजा, ही मुलं गावीच राहून शिकावीत म्हणून एक संस्था हंगामी वसतिगृह चालवते आणि त्यासाठी नाशिककरांना दाखवायला तुम्हाला दोन मिनिटांची फिल्म लिहायची आहे.

आधी संस्थेच्या हिशेबनीसाकडे जा, पाड्यावर नंतर. एका मुलाचं पाच महिन्यांचं जेवण, अंथरूण आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवणाऱ्या ताईचं मानधन मिळून किती होतं, तो आकडा वहीतून काढा. फिल्म शेवटी याच आकड्यावर येऊन थांबणार आहे. आकडा ठरला नसेल तर पटकथा भरकटते आणि भरकटलेली पटकथा हमखास अश्रूंचा आधार घेते.

मग एकाच कुटुंबाकडे जा. स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांच्या 2007 च्या अभ्यासात एका मुलीची ओळख करून दिल्यावर लोकांनी जास्त पैसे दिले. तिच्या जोडीला आकडेवारी दिली तेव्हा देणगी घटली. म्हणून ‘हजारो मुलं’ हे शब्द फिल्ममधून काढा, माहितीपत्रकात टाका. पण एकाच चेहऱ्यावर सगळा भार आला की त्या चेहऱ्याची जबाबदारीही वाढते.

पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका. कोकणा बोलीत समजावू शकणारं माणूस सोबत घ्या आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, फिल्म सभागृहात दाखवू आणि व्हॉट्सअॅपवरही जाईल. तिथे एकदा गेलेली परत घेता येत नाही. दुसरी, नाही म्हणालात तरी मुलाची वसतिगृहातली जागा पक्की आहे. तिसरी, आज हो म्हणून उद्या मन बदललं तरी चालेल. दुसरी गोष्ट संस्थेच्याच कार्यकर्त्याने सांगितली तर ती नीट पोचत नाही, कारण जागा देणाराही तोच असतो. बाहेरचं माणूस बरं. मूल बालगृहातलं असेल तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 74 त्याची ओळख उघड करू देत नाही. तिथे पालकांच्या सहीने भागत नाही.

आता लिहायला बसा. नेहमीचा मजकूर असा असतो: ‘या निरागस डोळ्यांत स्वप्नं आहेत, पण नशिबात फक्त अंधार.’ यात आईला काय येतं, ती काय ठरवते, याचा पत्ताच नाही. त्याऐवजी फिल्म तिच्या हातांपासून सुरू करा. घडातले मणी काढून विरळणी करताना ती सांगते की कुठले मणी ठेवायचे ते बोटांनाच कळतं. प्रेक्षकाला आधी कसबी बाई दिसते. मग तीच विचारते, ‘पोराला मागं ठेवलं तर सांजचं त्याला कोण बघंल?’ ही अडचण तिने मांडली, निवेदकाने नाही. त्यानंतर वसतिगृह, ताई, आकडा. माझ्या मते देणगीदाराला हलवणारी जागा हा प्रश्नच आहे. त्याच्यामागे सारंगी वाजवू नका, दोन सेकंद शांतता ठेवा.

निवेदन शंभर-सव्वाशे शब्दांत बसवा. ‘तुमच्यामुळे याला आयुष्य मिळेल’ असं लिहू नका. ‘तुमच्या पैशांतून संध्याकाळी ताई असेल’ एवढंच लिहा. पटकथेच्या दृश्याच्या रकान्यात कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा, हेही नोंदवा, नाहीतर चित्रीकरणात उभ्याने वरून घेतलेला केविलवाणा शॉट येतो. फाटके कपडे मुद्दाम शोधायचे नाहीत आणि नव्या कपड्यांसाठी घाईही करायची नाही.

खरा धोका बऱ्याचदा रडण्यात नसतो, एखाद्या साध्या वाक्यात असतो. गप्पांच्या ओघात आई मुकादमाकडून घेतलेल्या उचलीबद्दल किंवा मालकाने कापलेल्या मजुरीबद्दल बोलून जाते. वाक्य जबरदस्त असतं, संकलकाला ते सोडवत नाही. पण पुढच्या छाटणीला तिला त्याच मुकादमाकडे जायचंय आणि फिल्म त्याच्या फोनवरही पोचणार आहे. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा: हे कोण ऐकेल आणि तिचं काय बिघडेल? उत्तर नकोसं आलं तर वाक्य काढा. पाड्याचं नाव, शाळेची पाटी आणि मुलाचं नाव तिन्ही एकत्र येत असतील तर निदान दोन गाळा.

कच्ची फिल्म तयार झाली की ती आईला आणि मुलालाही दाखवा. ‘आवडली का?’ असं विचारलंत तर भिडेपोटी हो येईल. ‘यातलं काय शेजाऱ्यांनी बघू नये असं वाटतं?’ असं विचारा आणि मुलाला वेगळं विचारा. नऊ-दहा वर्षांच्या पोराला वर्गात चिडवलं जाण्याची भीती असते, ती आईला दिसेलच असं नाही. जे सांगतील ते त्याच दिवशी कापा. फिल्म किती दिवस वापरायची ती तारीख करारात लिहा आणि काढून टाका म्हणायला कुणाला फोन करायचा, तो नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवून द्या.