एकच पीठ, दोन कणका: पोळीचं पाणी आणि पुरीचं मोहन

खानावळीत, पोळीभाजी केंद्रात किंवा केटरिंगच्या कामात नव्याने शिरणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती वजनकाटा वापरायची. वाटीने मोजलेलं पीठ भरवशाचं नसतं. चाळून अलगद भरलेली वाटी आणि डब्यात खुपसून दाबून भरलेली वाटी यांत सहज पंधरा-वीस टक्के फरक पडतो. किलोभर पिठात हा फरक निस्तरता येतो, दहा किलोंच्या परातीत मात्र सगळी कणीक बिघडते. म्हणून पुढची सगळी मापं एक किलो गव्हाच्या पिठामागे, वजनात आहेत. पाण्यापुरतं लिटर आणि किलो एकच धरलं तरी चालतं.

मऊ पोळीसाठी एक किलो चक्कीच्या पिठाला 650 ते 700 ग्रॅम पाणी लागतं. मीठ 10 ते 12 ग्रॅम, तेल 20 ग्रॅम. चक्कीवर दळताना दगडांच्या घर्षणाने गव्हातल्या पिष्टाचे कण फुटतात आणि फुटलेला कण जास्त पाणी धरतो. त्यामुळे चक्कीच्या पिठाला मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. शिवाय कोंडाही पाणी ओढतो, पण सावकाश. नवख्यांची फसगत नेमकी इथेच होते. 680 ग्रॅम पाणी घातल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कणीक हाताला चिकटते, सैल झाल्यासारखी वाटते, आणि घाबरून वरून कोरडं पीठ टाकलं जातं. अर्ध्या तासाने तीच कणीक घट्ट होते, लाटताना मागे सरकते आणि पोळी गार झाल्यावर वातड होते. कणीक सैल आहे की घट्ट, हा निवाडा भिजवल्या भिजवल्या करायचाच नाही.

क्रम असा ठेवावा. मीठ पाण्यात विरघळवून घ्यायचं. आधी 600 ग्रॅम पाण्यात सगळं पीठ ओलं करायचं, कोरडं पीठ कुठे राहू द्यायचं नाही, आणि दहा मिनिटं परात झाकून ठेवायची. मग उरलेलं पाणी हाताने शिंपडत, मुठीने दाबत मुरवायचं. शेवटी तेल घालून पाच-सात मिनिटं तिंबायचं. तेल शेवटी, कारण आधी घातलं तर ते कणांवर पसरतं आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. मग ओल्या फडक्याखाली वीस ते तीस मिनिटं मुरू द्यायची. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच उसळून न येता हळूहळू भरत आला आणि बोटाला कणीक लागली नाही, की ती जमली.

650 घ्यायचं की 700, हे गव्हावर आणि हवेवर ठरतं. पावसाळ्यात पीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, तेव्हा किलोमागे वीसेक ग्रॅम पाणी कमी पुरतं. गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच भिजवू नये, पसरून गार होऊ द्यावं. पिठाची नवी गोणी उघडली की आधी 100 ग्रॅम पीठ 65 ग्रॅम पाण्यात भिजवून झाकून ठेवावं. अर्ध्या तासाने घट्ट वाटलं तर आणखी 3 ग्रॅम, मग पुन्हा 3. जो आकडा बसेल तो गोणीवरच लिहून ठेवावा, म्हणजे दुपारच्या पाळीतल्या माणसाला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

याहून जास्त पाणी घातलं की पोळी आणखी मऊ होईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात लाटताना पिठी जास्त लागते. ती पिठी पोळीवर कोरडीच राहते, तव्यावर करपते आणि पोळी कडेने कडक होते. शिवाय मंद तव्यावर पोळी फार वेळ राहिली तर त्यातलं पाणी उडून जातं. कणीक कितीही छान असली तरी अशी पोळी डब्यात मऊ राहत नाही.

आता पुरी. त्याच एक किलो पिठाला पाणी फक्त 450 ते 480 ग्रॅम, मोहन 50 ग्रॅम, बारीक रवा 50 ग्रॅम, मीठ 15 ग्रॅम. पाणी इतकं खाली येण्याची कारणं दोन. एक तर पुरी पिठी न लावता लाटायची असते. पिठी लावली तर ती कढईत सुटते, तळाशी बसून जळते, आणि तेल काळं पडून पुढच्या घाण्यांना कडवट वास लागतो. घट्ट कणीक पोळपाटाला चिकटत नाही, तेलाचं बोट पुरतं. दुसरं म्हणजे सैल कणकेतलं पाणी तळताना बाहेर पडतं आणि त्या जागी तेल शिरतं. पुऱ्या तेल पितात त्याचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं.

मोहन मात्र आधी घालायचं, पाण्याच्या आधी. पिठाच्या कणांवर तेलाचा पातळ थर बसला की त्यांच्यात चिवट जाळं कमी तयार होतं आणि पुरी खुसखुशीत होते. तेल दोन्ही तळहातांत चोळत सगळ्या पिठाला लागलं पाहिजे, गुठळ्या राहता कामा नयेत. शंकरपाळीला लावतात ती मूठ वळण्याची कसोटी इथे लावू नका. किलोला 50 ग्रॅम तेलात मूठ धड वळत नाही, आणि वळेपर्यंत तेल घालत गेलात तर ते कितीतरी पटीने जास्त होईल. मोहन 30 ग्रॅमच्या खाली गेलं तर पुरी गार झाल्यावर चामट लागते. 80 च्या पुढे गेलं तर लाटताना कडा फुटतात, फुगलेल्या पुरीला चीर पडून वाफ निघून जाते आणि आतून तेल भरतं. तेलामुळेही कणीक सैल होते, म्हणून मोहन वाढवलं तर पाणी थोडं कमी करावं.

शंभर माणसांना प्रत्येकी पाच, म्हणजे 500 पुऱ्यांचा हिशेब करून पाहू. वीस ग्रॅमची लाटी धरली तर 10 किलो कणीक हवी. वरच्या मापात एक किलो पिठाची साधारण 1.58 किलो कणीक होते, म्हणून 6.5 किलो पीठ घ्यायचं. मोहन 325 ग्रॅम, मापाच्या भांड्याने घ्याल तर 350 मिली, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. रवा 325 ग्रॅम, मीठ शंभरेक ग्रॅम, पाणी सुमारे 3 लिटर. कणीक 10.3 किलोच्या आसपास भरते, पंधरा पुऱ्यांची तूट सोसण्याइतकी. पण हे सगळं एकदम भिजवू नये. पुरीची कणीक दहा-पंधरा मिनिटं मुरली की बास, तासाभराने ती सैल आणि काळपट व्हायला लागते. सव्वातीन किलोंचे दोन भाग करावेत आणि पहिला निम्मा लाटून झाला की दुसरा भिजवायला घ्यावा. लाटी तळहातावर दाबून पाहावी. कडेला भेगा पडल्या तर ओल्या हाताने पुन्हा मळावी, वरून पाणी ओतू नये.

आणि पुरी फुगली नाही तर आधी कढई तपासा, कणीक नंतर. कणकेचा चिमटीएवढा तुकडा तेलात टाकावा. तो तळाशी रेंगाळला तर तेल थंड आहे. लगेच वर येऊन हळूहळू रंगला तर बरोबर, म्हणजे साधारण 180 ते 190 अंश सेल्सिअस. येताक्षणीच तपकिरी झाला तर आच कमी करा. एका घाण्यात जास्त पुऱ्या सोडल्या की तेल निवतं, आणि चांगल्या कणकेच्याही पुऱ्या चपट्या राहून तेल पितात.