दहावीच्या वर्गासाठी करिअरची तासिका: आधी कामांची निवड, मग शाखांचा नकाशा

दहावीच्या वर्गात “पुढे काय व्हायचे आहे?” असे विचारले की डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, कलेक्टर ही ठरलेली उत्तरे ऐकू येतात. मुले ही उत्तरे मनापासूनच देतात, पण ती देताना त्यांच्या डोळ्यांसमोर हुद्दा असतो. त्या हुद्द्यावरच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे बहुतेकांनी पाहिलेले नसते. म्हणून या तासिकेचे नियोजन करताना कामे आधी, शाखा नंतर आणि व्यवसायांची नावे सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

तासिकेसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा निवडावा. सराव परीक्षा सुरू झाल्या की मुलांचे लक्ष गुणांकडेच लागते आणि निकालानंतर प्रवेशाची घाई उडते. दोन तासिका सलग मिळाल्या तर उत्तम, कारण पहिल्या तासिकेत उमटलेली आवड दुसऱ्या तासिकेतल्या नकाशावर लगेच ठेवून पाहता येते.

तयारीला एक संध्याकाळ लागते. एका कागदावर ३६ चौकटी आखून प्रत्येकीत एकेक काम साध्या क्रियापदाने लिहावे. चौकटींना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक मुलाला पुरेल इतक्या प्रतींच्या झेरॉक्स काढाव्यात. कामांची निवड करताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची सहा गटांची मांडणी उपयोगी पडते. हात आणि यंत्रे, शोध, कला, माणसांची मदत, व्यवहार आणि नोंदी-हिशेब असे ते गट असून प्रत्येकातली सहा कामे घ्यावीत. उदाहरणार्थ, “बिघडलेला पंखा उघडून दोष शोधणे”, “विहिरीच्या पाण्यात काय मिसळले आहे ते तपासणे”, “नाटकाच्या जाहिरातीचे चित्र ठरवणे”, “आजारी माणसाची रात्रभर शुश्रूषा करणे”, “घासाघीस करून दुकानाचा माल खरेदी करणे”, “बचत गटाचा जमाखर्च पैशापैशाने जुळवणे”. गटांची नावे चिठ्ठीवर कुठेही येऊ देऊ नयेत आणि क्रमांकही गटवार देऊ नयेत, नाहीतर चाणाक्ष मुले गट ओळखून उत्तरे जुळवतात.

मुलांनी चौकटी आदल्या दिवशी घरी कापून पाकिटात आणाव्यात. वर्गात प्रत्येकाने आपापल्या बाकावर त्यांचे “आवडेल”, “चालेल” आणि “नको” असे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात दहापेक्षा जास्त चिठ्ठ्या ठेवू नयेत, हे बंधन आवश्यक आहे, कारण त्याशिवाय मनमिळाऊ मुले सगळेच “आवडेल”मध्ये टाकतात. या कामाला पंधरा मिनिटे पुरतात आणि ती पूर्ण शांततेत जावीत. शेजारच्या बाकावर नजर गेली की दोन मित्रांचे ढीग सारखेच दिसू लागतात. नंतर दहांतून पाच चिठ्ठ्या निवडायला सांगावे आणि मगच कोणता क्रमांक कोणत्या गटातला, हे फळ्यावर लिहावे.

माझ्या अनुभवात शिक्षकाने सर्वांत जास्त वेळ “नको”च्या ढिगाला द्यावा. वायरिंगची चिठ्ठी तिथे टाकणाऱ्या मुलीला आणि शुश्रूषेची चिठ्ठी तिथे टाकणाऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारावा: “हे काम तू कधी करून किंवा जवळून पाहिले आहेस का?” उत्तर “नाही” असेल तर ती नावड त्या मुलाची स्वतःची नाही, घरात ऐकलेली आहे, असे समजण्यास जागा असते. अशी चिठ्ठी “चालेल”मध्ये हलवण्याचा आग्रह मात्र धरू नये. तिच्यावर फक्त प्रश्नचिन्ह काढून घ्यावे.

दुसऱ्या तासिकेत फळ्याच्या डाव्या कडेला “दहावी” लिहून पाच रेघा काढाव्यात: अकरावी कला, अकरावी वाणिज्य, अकरावी विज्ञान, पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका आणि आयटीआय. उच्च माध्यमिक स्तरावरील व्यावसायिक अभ्यासक्रम जवळपास उपलब्ध असेल तर सहावी रेघ त्याची. प्रत्येक रेघेवर लागणारी वर्षे लिहावीत आणि त्या वाटेने कोणती दारे पुढे बंद होतात, ते लाल खडूने दाखवावे. नकाशाचा खरा उपयोग या लाल खुणांत आहे, कारण शाखांची माहितीपत्रके उघडी दारे सांगतात, बंद होणारी क्वचितच सांगतात.

लाल खुणा थोड्याच, पण स्पष्ट असाव्यात. विज्ञान शाखेत गणित सोडले तर अभियांत्रिकी पदवीची वाट अडते आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीयची. एनडीएच्या नौदल आणि हवाई दल विभागांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते, भूदलासाठी मात्र कोणतीही शाखा चालते. याउलट पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम तिन्ही शाखांतून करता येतो, सी.ए.साठी वाणिज्यची अट नाही आणि स्पर्धा परीक्षांतून अधिकारी होण्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. ही तीन दारे हिरव्या खडूने दाखवल्यावर “कलेक्टर व्हायचे म्हणून सायन्स” हे गणित मुले स्वतःच तपासू लागतात.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. एका मुलीच्या अंतिम पाच चिठ्ठ्यांत पंखा दुरुस्ती, सायकलची जुळणी आणि नळजोडणी या तीन चिठ्ठ्या हात-यंत्रांच्या गटातल्या होत्या, एक हिशेबाची आणि एक व्यवहाराची. घरून तिला वाणिज्य शाखा सुचवलेली होती. नकाशावर तिने विजेच्या कामाकडे जाणाऱ्या तीन वाटा मोजल्या. अकरावी-बारावी विज्ञान गणितासह आणि नंतर चार वर्षांची पदवी, म्हणजे एकूण सहा वर्षे. तीन वर्षांची पदविका आणि तिच्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्यास आणखी तीन, म्हणजे याही वाटेने सहाच वर्षे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची दोन वर्षे, त्यानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाल्यास दोन आणि पुढे पदवीची तीन, अशी एकूण सात. या तिसऱ्या वाटेवर दोन वर्षांनंतरच हातात कमावता येण्याजोगे काम असते आणि घरच्या परिस्थितीमुळे तिच्यासाठी हा मुद्दा वजनदार होता. वाणिज्यमधून मात्र विजेच्या पदवीकडे रेघ जात नव्हती. तिचा हिशेबाकडचा कल वाया जाणार नव्हता, कारण स्वतःची कामे घेणाऱ्या इलेक्ट्रिशियनला अंदाजपत्रक करावेच लागते. निर्णय त्या दिवशी झाला नाही आणि व्हायलाही नको होता. तिने तिन्ही वाटा वहीत उतरवून घरी नेल्या.

म्हणून तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने एका कागदावर निवडलेली पाच कामे, त्यांच्याकडे जाणाऱ्या किमान दोन वाटा, प्रत्येक वाटेवर बंद होणारे एक दार आणि पालकांना विचारायचा एक प्रश्न लिहावा. दोन वाटांचा आग्रह यासाठी की बोर्डाच्या परीक्षेत गुण कमी पडले तरी मुलाच्या हाती दुसरी रेघ आधीच काढलेली असते. या कागदावर “तू अमुक गटातला” असा शिक्का शिक्षकाने मारू नये. चिठ्ठ्या आवड दाखवतात, क्षमता किंवा ऐपत दाखवत नाहीत, आणि पंधराव्या वर्षीची आवड बदलूही शकते.

फळ्यावरचा नकाशा पुसण्यापूर्वी मोठ्या कार्डशीटवर उतरवून वर्गात लावावा आणि त्याच्या कोपऱ्यात त्या वर्षाची तारीख घालावी, कारण प्रवेशाचे नियम आणि गुणांच्या अटी बदलतात. निकालानंतर त्या वर्षीची प्रवेश पुस्तिका हाती आली की प्रत्येक लाल खूण तिच्याशी ताडून पाहावी आणि मगच मुलांना अर्ज भरायला बसवावे.