पाच जणांना मेल गेला, काम कोणीच केलं नाही: टू, सीसी, बीसीसीतल्या या चुका टाळा

एकदा मी सप्लायरच्या बिलाचा मेल पाठवला. टूमध्ये पाच जण: खरेदीचे दोघे, अकाउंट्सच्या मॅडम, स्टोअरकीपर आणि आमचे साहेब. आत लिहिलं, 'कृपया बिल तपासून शुक्रवारपर्यंत मंजूर करावे.' सोमवारी सप्लायरचा फोन आला, पैसे कुठे? खरेदीवाल्यांना वाटलं अकाउंट्स बघेल. मॅडम माल मिळाल्याच्या नोंदीची वाट बघत होत्या. ती नोंद आपल्याकडून हवी आहे, हे स्टोअरकीपरला कोणी सांगितलंच नव्हतं. साहेबांनी तर मेल उघडलाही नव्हता.

चूक माझीच होती. ज्यांना काही करायचंय, त्यांच्यासाठीच टू असतं. आता मी पाठवण्याआधी एक गोष्ट तपासतो: टूमधल्या प्रत्येकाचं नाव घेऊन 'तुम्ही हे करा' असं वाक्य मेलमध्ये आहे का? नसेल तर तो माणूस तिथून हलतो. तोच मेल आज लिहिला तर टूमध्ये फक्त दोघं असतील. 'स्टोअर: माल मिळाल्याची नोंद आज पाठवा. मॅडम: नोंद आली की शुक्रवारपर्यंत बिल मंजूर करा.' सीसीत खरेदीतला एकच जण, कारण सप्लायर फोन त्यालाच करतो. साहेब कुठेच नाहीत. बिल त्यांच्या सहीपर्यंत जाणारं नसेल तर त्यांना ते कळून करायचंय काय?

सीसीचा धाक दाखवू नका

पहिल्याच आठवणीच्या मेलमध्ये समोरच्याच्या साहेबांना सीसीत घातलं, की तो मेल आठवण राहत नाही, तक्रार होते. काम कदाचित होईल, पण पुढच्या वेळी तो माणूसही तुमच्या साहेबांना सीसीत घेईल. आधी फोन करा. तरीही हललं नाही तर उघडपणे लिहा: 'तारीख उलटली आहे, म्हणून साहेबांना सीसीत घेत आहे.'

उलट चूकही होते: सीसीतल्या माणसाला प्रश्न विचारणं. बऱ्याच जणांनी सीसीचे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा नियम लावलेला असतो. तुमचा प्रश्न तिथे आठवडाभर पडून राहतो. उत्तर हवं असेल तर त्याला टूमध्ये आणा आणि वाक्य त्याच्या नावाने सुरू करा.

सगळ्यात महागात पडते ती मधेच कोणाला तरी सीसीत घेण्याची सवय. बारा उत्तरं झालेल्या मेलमध्ये सप्लायरला जोडलं, तर खालची सगळी शेपटी त्याच्याकडे जाते. त्यात 'अजून दहा टक्के कमी करतील, ताणून धरा' असं कोणीतरी लिहिलेलं असतंच. बाहेरचा माणूस जोडायचा असेल तर नवा मेल लिहा.

बीसीसी म्हणजे लपायची जागा नव्हे

बीसीसीतल्याचं नाव इतरांना दिसत नाही, पण त्याला टू आणि सीसीतली सगळी नावं दिसतात. त्याने चुकून रिप्लाय ऑल केलं तर उत्तर त्या सगळ्यांकडे जातं, आणि तुम्ही गुपचूप कोणाला दाखवत होतात ते उघडं पडतं. कोणाला नुसतं दाखवायचंच असेल तर मेल पाठवून झाल्यावर सेंटमधून फॉरवर्ड करा. मग त्याने रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर तुमच्याकडेच येतं. शिवाय बीसीसीतल्याला इतरांची पुढची उत्तरं मिळत नाहीत, त्यामुळे कोणाला लूपमध्ये ठेवायला बीसीसी बिनकामाचं.

ते खरं कामाला येतं एकमेकांना न ओळखणाऱ्या साठ ग्राहकांना सूचना पाठवताना. टूमध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. कोणाचा पत्ता कोणाला दिसत नाही आणि रिप्लाय ऑलचा पूर येत नाही. कोणी मेलवर तुमची दुसऱ्याशी ओळख करून दिली असेल तरी उपयोग होतो: 'आभारी आहे, तुम्हाला बीसीसीत हलवतो' असं लिहिलं, की ओळख करून देणारा पुढच्या बोलण्यातून सुटतो.

पत्ते चुकून टूमध्ये गेलेच तर

त्याच साखळीत रिप्लाय ऑल करून माफी मागू नका, ती यादी पुन्हा सगळ्यांसमोर येते. नवा मेल, पत्ते बीसीसीत, दोन ओळी. ग्राहकांचे पत्ते असतील तर साहेबांना त्याच दिवशी सांगा. आउटलुकच्या रिकॉलवर भिस्त ठेवू नका, ते स्वतःच्या संस्थेबाहेर गेलेल्या मेलवर चालत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, पण सेटिंग्जमध्ये तेवढा वेळ निवडून ठेवावा लागतो. आणि मी पत्ते आता सगळ्यात शेवटी भरतो. टू रिकामं असताना अर्धवट मेल चुकूनही सुटत नाही.