नखाची बुरशी, चिखल्या आणि टी ट्री ऑइल

निफाडला द्राक्षबागेत दिवसभर गमबूट घालणाऱ्या आमच्या भाऊजींना दोन्ही होतं: बोटांच्या बेचक्यात चिखल्या आणि अंगठ्याचं नख पिवळं, जाड झालेलं. टी ट्री ऑइल लावून महिना झाला. चिखल्यांची खाज कमी झाली, नख मात्र तसंच. तेल खोटं निघालं, असं त्यांना वाटलं.

खरं कारण वेगळं आहे. चिखल्यांची बुरशी कातडीच्या वरच्या थरात असते, तिथे तेल पोचतं. नखाची बुरशी नखाखाली दडलेली असते आणि जाड नखातून तेल फारसं झिरपत नाही. शिवाय खराब झालेलं नख सुधारत नाही, मुळातून नवं यावं लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

नख कापून, कानशीने घासून पातळ करा आणि मगच दिवसातून दोनदा तेल लावा. चांगल्या-खराब नखाच्या सीमेवर कानशीने हलकी रेघ ओढा. रेघ नखासोबत पुढे सरकते. पिवळेपणा तिला ओलांडून मुळाकडे गेला, तर तेल पुरत नाहीये. कातडीवर मात्र तेल खोबरेल तेलात मिसळूनच लावा. जुन्या बाटलीतलं तेल कातडीला चावतं. पोटात कधीच घेऊ नका.

चिखल्या चार आठवड्यांत गेल्या नाहीत, किंवा बुरशी नखाच्या मुळापर्यंत पोचली, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते नखाचा कीस तपासतात, कारण सोरायसिसचं नखही असंच दिसतं. मधुमेह असेल, पाय सुजून लाल झाला किंवा पू आला, तर तेलावर एक दिवसही घालवू नका.