गायब होणारे मेसेज आणि हरवणाऱ्या सूचना: या चुका टाळा

चॅटमधील मेसेज ठरावीक काळाने आपोआप पुसले जावेत, ही सोय खासगीपणासाठी उत्तम आहे आणि ती बंद करा असे सांगण्याचा या लेखाचा हेतू नाही. अडचण एवढीच आहे की त्याच चॅटमधून कामाच्या सूचनाही येतात, आणि मेसेजचे आयुष्य व सूचनेचे आयुष्य यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. व्हॉट्सॲपवर हा काळ २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस असा निवडता येतो. सिग्नलवर तो काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंत ठेवता येतो. सूचना मात्र काम संपेपर्यंत लागते.

पहिली चूक: काम किती दिवसांचे आहे, हे न पाहणे

एक उदाहरण सविस्तर पाहू. वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. रुग्णालयात सोबत असलेली मोठी बहीण ३ तारखेला रात्री नऊ वाजता धाकट्या भावाला व्हॉट्सॲपवर लिहिते: "पहिल्या बाटलीचा थेंब आजपासून दिवसातून चारदा, पुढच्या आठवड्यात तीनदा, मग दोनदा, मग एकदा. दुसरी बाटली त्यानंतर पाच मिनिटांनी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा आणखी एक मेसेज येतो: "अरे, काल सांगायचं राहिलं, ती बाटली फक्त सात दिवस." भाऊ दोन्ही वेळा "बरं ताई" असे उत्तर देतो. चॅटचा टायमर ७ दिवसांचा आहे.

औषध चार आठवड्यांचे आहे आणि मेसेज सात दिवसांचा. व्हॉट्सॲपवर हा काळ मेसेज पाठवल्यापासून मोजला जातो, वाचल्यापासून नाही. त्यामुळे १० तारखेच्या रात्री मूळ सूचना नाहीशी होते. म्हणजे ज्या दिवशी चारदावरून तीनदावर यायचे, त्याच दिवशी ती हातातून जाते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ११ तारखेच्या संध्याकाळपर्यंत दुसरा मेसेज तेवढा चॅटमध्ये शिल्लक असतो. "ती बाटली फक्त सात दिवस" हे वाक्य एकटेच वाचणाऱ्याला ते पहिल्या बाटलीबद्दलही वाटू शकते, आणि मग मुख्य औषध तीन आठवडे आधीच बंद होण्याचा धोका उभा राहतो. माझ्या मते पूर्ण रिकाम्या चॅटपेक्षा अर्धवट उरलेले चॅट जास्त घातक असते, कारण रिकामे चॅट पाहिल्यावर माणूस निदान विचारतो तरी.

दुसरी चूक: आधी "बरं" म्हणणे, मग कधीतरी टिपून ठेवणे

यावर उपाय म्हणून एकच सवय पुरते: सूचना वाचल्यावर उत्तर देण्याआधी ती टिपायची. हा क्रम महत्त्वाचा आहे. उत्तर दिले की मनाच्या लेखी ते काम संपलेले असते, आणि नंतर टिपू असे म्हटलेली गोष्ट सहसा राहूनच जाते.

टिपायची म्हणजे मेसेज जसाच्या तसा कॉपी करायचा असे नाही. "आजपासून", "पुढच्या आठवड्यात", "ती", "त्यानंतर" हे शब्द चॅटमध्ये चालतात, कारण तिथे आजूबाजूला तारीख आणि आधीचे बोलणे असते. टिपणात आले की ते निरर्थक होतात. म्हणून प्रत्येक सापेक्ष शब्दाच्या जागी तारीख किंवा नाव घालून सूचना आपल्या शब्दांत लिहायची, आणि कोणी सांगितले, कधी सांगितले व टिपण कधीपर्यंत लागेल, हेही जोडायचे. वरच्या उदाहरणातील टिपण असे होईल:

वडिलांचे थेंब. ताईने ३ तारखेला सांगितले, ४ तारखेला दुरुस्ती केली.
पहिली बाटली: ३ ते ९ चारदा, १० ते १६ तीनदा, १७ ते २३ दोनदा, २४ ते ३० एकदा.
दुसरी बाटली: पहिलीनंतर पाच मिनिटांनी, फक्त ३ ते ९.
हे टिपण ३० तारखेनंतर पुसायचे.

टिपण झाले की तेच ताईला पाठवून "बरोबर आहे का?" असे विचारावे. तारखा मोजताना झालेली चूक किंवा बाटल्यांची अदलाबदल तिथेच उघड होते, आणि ताईलाही रुग्णालयाच्या कागदाशी ते ताडून पाहता येते. हा मेसेजही सात दिवसांनी जाईल, पण त्याचे काम तोपर्यंत झालेले असेल. पुढे दुरुस्ती आली तर नवे टिपण न करता जुन्यातच बदल करावा. एकाच कामाची दोन टिपणे असली की चुकीचे टिपण नेमके हाती लागते.

तिसरी चूक: टिपण पुसल्या जाणाऱ्या जागीच ठेवणे

अनेक जण स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवतात. ही पद्धत चांगली आहे, पण त्या चॅटवरही टायमर लागू शकतो. सिग्नलमधील Note to Self त्याला अपवाद नाही. म्हणून त्या चॅटची सेटिंग एकदा उघडून टायमर बंद असल्याची खात्री करावी. शंका असेल तर साधे नोट्सचे ॲप किंवा कागदाची वही बरी. जागा कोणतीही असो, ती एकच असावी.

स्क्रीनशॉट हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे. तो शेकडो फोटोंमध्ये बुडतो, त्यात नंतरची दुरुस्ती येत नाही, आणि सूचनेबरोबरच शेजारचे खासगी बोलणेही कायमचे साठवले जाते. गॅलरीचा क्लाउडवर बॅकअप चालू असेल, तर तेच बोलणे आणखी एका ठिकाणी जाऊन बसते.

व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरून Keep करता येतो. मात्र तसे केल्याची सूचना पाठवणाऱ्याला जाते, त्याला ते रद्द करता येते, आणि त्याने रद्द केले तर तो मेसेज पुन्हा ठेवता येत नाही. ही रचना योग्यच आहे. समोरच्याने मेसेज पुसला जावा म्हणून टायमर लावलेला असतो. त्यामुळे मेसेज न ठेवता त्यातील सूचना तेवढी टिपणे, हे दोघांच्याही हिताचे आहे. पासवर्ड किंवा ओटीपी अशा टिपणात कधीच लिहू नये.

सूचना आधीच गेली असेल तर

प्रथम त्या चॅटमधील आपलीच जुनी उत्तरे पाहावीत. एखाद्या मेसेजला उद्धृत करून उत्तर दिले असेल, तर व्हॉट्सॲपवर उद्धृत मजकूर मूळ मेसेज गेल्यावरही उरलेला असू शकतो. सूचना फोटोच्या रूपात आली असेल आणि फोटो आपोआप डाउनलोड होत असतील, तर तो गॅलरीत सापडू शकतो. टायमर नसलेल्या दुसऱ्या चॅटमध्ये कोणी तो मेसेज फॉरवर्ड केला असेल, तर तिथेही तो टिकून राहतो. बॅकअपवर मात्र आशा ठेवू नये, कारण व्हॉट्सॲप बॅकअप परत आणताना मुदत संपलेले मेसेज पुसून टाकते.

सिग्नलवर पाठवणाऱ्याच्या फोनवर टायमर पाठवताच सुरू होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर वाचल्यानंतर. त्यामुळे मेसेज उशिरा वाचला असेल तर पाठवणाऱ्याकडील प्रत आधी जाते, आणि ग्रुपमध्ये ज्याने तो सर्वांत शेवटी उघडला त्याच्याकडे तो अजून असण्याची शक्यता असते. विचारायचे तर त्याला आधी विचारावे. कोणाकडेच काही उरले नसेल तर आठवणीवर काम रेटू नये. सूचना देणाऱ्याला नेमका प्रश्न करावा: "पहिली बाटली १० तारखेपासून दिवसातून किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत?" अशा प्रश्नाला नुसते "हो" असे उत्तर देता येत नाही, आणि आलेले उत्तर टिपूनच मग "बरं" लिहावे.