गरोदरपणात रात्री पाय वळवळतात? या चुका टाळा

“पाय निरा वळवळ करते वो माय, निजूच देत नाही.” सातव्या-आठव्या महिन्यात अशी तक्रार आली की घरात बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: दिवसभर उभी होतीस, थकवा आहे, तेल लाव. पहिली चूक इथेच होते.

थकलेले पाय आडवं झाल्यावर सुखावतात. वळवळणारे पाय मात्र आडवं झाल्यावरच त्रास देतात. पोटरीच्या आत काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं आणि पुन्हा टेकलं की सुरू. संध्याकाळनंतर हे वाढतं. गोळा येणं वेगळं: त्यात पोटरी दगडासारखी कडक होऊन कळ येते, आणि पंजा आपल्याकडे ओढून धरला की सुटते. एकच पाय सुजला, गरम किंवा लाल झाला आणि दुखू लागला, तर तो चोळायचा नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

वळवळीमागे बऱ्याचदा शरीरातला लोहाचा साठा कमी झालेला असतो. मग बाई म्हणते, “लाल गोळी तर रोज घेते.” घेते, पण कशासोबत?

समजा, कापूस वेचायला जाणारी सात महिन्यांची गरोदर बाई आहे, हिमोग्लोबिन 9.4. संध्याकाळी घरी आली की चहा, आणि लक्षात राहावं म्हणून त्याच चहासोबत लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी. चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो, कॅल्शियमही त्याला आत शिरू देत नाही. गोळी पोटात जाते, रक्तात थोडीच पोचते. तिचं वेळापत्रक असं बदलता येतं: सकाळी 6 ला चहा, 9 ला जेवण आणि जेवणासोबत कॅल्शियम. शेतात 12 वाजता लाल गोळी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. शिदोरी 2 वाजता, चहा 5 ला, रात्री 8 च्या जेवणासोबत दुसरं कॅल्शियम. उपाशीपोटी मळमळत असेल तर शिदोरीनंतर तासाभराने घेतली तरी चालेल. गोळी सोडण्यापेक्षा ते बरं. शौच काळं होतं, त्याला घाबरू नका.

सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन 7 ते 9.9 असेल तर सहसा दिवसाला दोन देतात, पण ते नर्सबाईला किंवा डॉक्टरला ठरवू द्या. महिन्याभरात 1 ग्रॅमनेही वाढलं नाही तर गोळ्यांवर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही पाय वळवळत असतील तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. ते 75 च्या खाली असेल तर वळवळीसाठी लोह देण्याचा विचार करतात. पूर्व विदर्भात एक गोष्ट विसरायची नाही: सिकलसेलचा आजार असेल तर लोह स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही.

दुसरी चूक मेडिकलमधून होते. सर्दी-खाजेच्या काही गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि उलटीची मेटोक्लोप्रमाइडसारखी औषधं झोप आणतील असं वाटतं, पण पायांची वळवळ वाढवतात. ती घेत असाल तर डॉक्टरांना दाखवून बदलून घ्या. खर्रा तर गरोदरपणात नकोच. तंबाखू झोपही उडवते.

रात्री लागलीच आराम हवा असेल तर निजण्याआधी पोटऱ्या पाच मिनिटं ताणा, कोमट पाण्याने पाय शेका, उन्हाळ्यात ओला फडका गुंडाळला तरी चालतो. संध्याकाळी अर्धा तास सावकाश चालणंही उपयोगी.

झोप येत नाही म्हणून आठलाच खाटेवर जाऊन पडणं, हीही चूकच. पडल्या-पडल्या जागं राहिलं की पायांकडेच लक्ष जातं. डोळे जड झाल्यावरच निजा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून बसा, मोबाइल न उघडता. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच. लघवीसाठी उठावं लागतं म्हणून पाणी तोडू नका, आपल्याकडच्या उन्हात ते महागात पडेल. जास्त पाणी संध्याकाळी 6 पर्यंत प्या. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर निजा, गुडघ्यांमध्ये घडी केलेली गोधडी ठेवा.

आणि स्वप्नं. साप दिसला, बाळ हरवलं, की घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. खरं कारण साधं आहे. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पण लघवीमुळे किंवा पायांमुळे स्वप्नाच्या मधेच जाग आली की ते लख्ख आठवतं. म्हणून पाय शांत झाले, की अशी स्वप्नं आठवणंही बहुधा कमी होतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत वळवळ सहसा आपोआप ओसरते. तरीही जीव सतत धास्तावलेला असेल, रडू येत असेल आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता आशाताईला सांगा.