जर्मनीचा उद्योजक व्हिसा: भांडवल दाखवताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत जर्मनीचा विषय निघाला की कोणीतरी ठासून सांगतो, "अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्या दाखवल्याशिवाय काही होत नाही." ही अट 2012 मध्येच निघून गेली. स्वतःचा धंदा काढण्यासाठीचा परवाना जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम 21 खाली मिळतो आणि तिथे किमान रकमेचा आकडा नाही. तपासणारे तीन गोष्टी बघतात: या धंद्याची त्या भागाला गरज आहे का, त्याने तिथल्या अर्थव्यवस्थेचं भलं होईल का, आणि त्यासाठीचा पैसा खरोखर हाताशी आहे का. आपल्याकडचे बरेच अर्ज तिसऱ्या गोष्टीवर अडखळतात. पैसा असतो, पण तो दाखवण्यासारखा नसतो किंवा इथून तिकडे जाऊ शकत नाही.

(अमेरिकेचा ई-2 व्हिसा काढून देतो म्हणणारे एजंटही फिरत असतात. तो फक्त करार असलेल्या देशांच्या नागरिकांना मिळतो आणि भारताचा तसा करार नाही. भारतीय पासपोर्टवर तो विषय तिथेच संपतो.)

एक उदाहरण घेऊन बघू. समजा टिळकवाडीत राहणारा 38 वर्षांचा कारखानदार आहे. उद्यमबागेत त्याचं हायड्रॉलिक सिलिंडर बनवायचं युनिट आहे, प्रोप्रायटरशिप. त्याला हागेन शहरात कंपनी काढून त्या भागातल्या कारखान्यांचे जुने सिलिंडर दुरुस्त करून द्यायचे आहेत. हागेनच्या आसपास धातुकामाचे कारखाने भरपूर आहेत, त्यामुळे जागेची निवड चांगली आहे.

पहिली चूक: नवऱ्या मुलाच्या बायोडाटासारखी मालमत्ता मांडणे

त्याने भांडवलाची यादी केली ती अशी: कारखान्याच्या खात्यात 60 लाख, सोसायटीत 25 लाखांची ठेव, बँकेत 40 लाखांची एफडी, खानापूर तालुक्यातली वडिलांची शेती नुकतीच विकली त्याचे 70 लाख. बेरीज 1 कोटी 95 लाख.

आता एकेक रक्कम तपासू. कारखान्याच्या खात्यातले 60 लाख म्हणजे सीसी लिमिट आहे. ते बँकेचं कर्ज आहे. जर्मन कायद्याला कर्जाची मंजुरीही चालते, म्हणून पुष्कळांना वाटतं की इथल्या बँकेचं सँक्शन लेटर जोडलं की झालं. पण रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, ज्याला सगळे एलआरएस म्हणतात, भांडवली गुंतवणुकीसाठी परदेशी पाठवायच्या पैशाला बँकांनी कर्ज द्यायचं नाही असा नियम आहे. म्हणजे कागदावर दाखवलेला पैसा कायद्याने सीमा ओलांडू शकत नाही. घर तारण ठेवून काढलेल्या कर्जाचंही तेच. हे 60 लाख यादीतून काढून टाका.

सोसायटीतली ठेव खरी आहे, पण पतसंस्था परकीय चलनाचा व्यवहार करू शकत नाही आणि तिच्या ठेवींना बँकेसारखं ठेव विम्याचं संरक्षण नसतं. परदेशी अधिकाऱ्यासमोर सोसायटीची पावती ठेवून उपयोग नाही. ठेव मोडा आणि चेकने किंवा आरटीजीएसने स्वतःच्या बँक खात्यात आणा. खातं परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेचं हवं. मूळ पावती, मुदतपूर्व मोडल्याचं पत्र आणि पासबुकावरची जमा हे तिन्ही कागद एकत्र ठेवा. एफडीवर कर्ज उचललेलं असेल तर ते आधी फेडा आणि ठेवीवर बोजा नाही असं बँकेकडून लिहून घ्या.

राहिले शेतीचे 70 लाख. आपल्याकडे खरी अडचण इथे येते. दस्तात लिहिलेली किंमत आणि हातात आलेली रक्कम यांत फरक असेल, तर फक्त दस्तातली आणि बँकेतून आलेली रक्कमच मोजायची. रोखीने आलेले पैसे नंतर खात्यात भरले तर ते भांडवल ठरत नाही, उलट बाकीच्या रकमेवरही संशय येतो. दोन लाख आणि त्याहून अधिक रोख स्वीकारणं आपल्याच कायद्यात बसत नाही. शिवाय जमीन वडिलांच्या नावावर होती, पैसे त्यांच्या खात्यात आले आणि मुलाकडे दोन महिन्यांपूर्वी वळते झाले. स्टेटमेंट वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की अर्जाच्या तोंडावर 70 लाख अचानक जमा झाले.

त्याला प्रश्न पडायच्या आत उत्तर फाइलमध्ये असलं पाहिजे. विक्रीपूर्वीचा उतारा, नोंदणी केलेलं खरेदीपत्र, वडिलांच्या खात्यात रक्कम आल्याचं स्टेटमेंट, वडिलांनी मुलाला केलेलं बक्षीसपत्र आणि मुलाच्या खात्यातली जमा, या क्रमाने. जमीन वडिलोपार्जित असेल तर भावाबहिणींची संमतीही जोडा, नाहीतर पुढे वाद उभा राहिला की बक्षीसपत्रच डळमळतं. उतारा आणि दस्त दोन्ही कन्नडमध्ये असतात. त्यांचं जर्मन भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, आणि कन्नडमधून थेट जर्मन करणारा मिळाला नाही तर मध्ये इंग्रजीचा टप्पा येतो. नावांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहेत ना, हे स्वतः वाचून बघा. उताऱ्यावर वडिलांचं आडनाव नसणं आणि पासपोर्टवर असणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

म्हणजे दाखवण्याजोगा पैसा 25, 40 आणि 70 मिळून 1 कोटी 35 लाख.

दुसरी चूक: खर्च अर्धाच मांडणे

त्याच्या बिझनेस प्लॅनमध्ये गरज 95,000 युरो दाखवली होती. मशीन आणि टेस्ट बेंच 48,000, व्हॅन 14,000, जागेचं डिपॉझिट आणि सहा महिन्यांचं भाडं 15,000, नोंदणी आणि सल्लागार 5,000, सुट्या भागांचा साठा 13,000. वर जीएमबीएचचे, म्हणजे जर्मन पद्धतीच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे, 25,000 युरो वेगळे धरले होते. ते वेगळे धरायची गरज नाही. ते कंपनीचं भागभांडवल असतं. नोंदणीआधी किमान 12,500 भरावे लागतात आणि नंतर त्यातूनच मशीन घेता येतं.

पण दोन मोठ्या गोष्टी सुटल्या होत्या. गिऱ्हाइकाचे पैसे हाती येईपर्यंत कामगाराचा पगार कुठून द्यायचा? त्याचे 20,000. आणि हा माणूस स्वतः वर्षभर काय खाणार, कुठे राहणार? आरोग्य विम्यासह महिना 2,000 धरले तरी 24,000. योजना तपासायला स्थानिक उद्योग-व्यापार मंडळाकडे, म्हणजे आयएचकेकडे जाते, आणि मालकाचा स्वतःचा घरखर्च नसलेला तक्ता तिथल्या माणसाला लगेच कच्चा वाटतो. खरी गरज 1,39,000 युरो निघाली.

हिशेब सोपा जावा म्हणून युरो 100 रुपयांचा धरू. 1 कोटी 39 लाख. यावर टीसीएस येतो: एलआरएसखाली गुंतवणुकीसाठी वर्षाला 10 लाखांच्या वर जी रक्कम पाठवाल तिच्यावर बँक 20 टक्के कापून घेते. इथे 1 कोटी 29 लाखांवर 25 लाख 80 हजार. हा पैसा बुडत नाही, आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकतो. म्हणजे एकूण 1 कोटी 64 लाख 80 हजार हवेत आणि हातात 1 कोटी 35 लाख आहेत. एलआरएसची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर असल्यामुळे तिची अडचण नाही. मात्र बायकोच्या नावाने जास्तीचे पाठवू म्हणाल तर तिलाही कंपनीत भागीदार करावं लागेल.

तिसरी चूक: परवाना लागणारा धंदा निवडणे

पैसे कमी पडतात म्हणून कुठून उसने आणायचे हा विचार करण्याआधी धंद्याकडेच बघा. जर्मनीत सिलिंडर उघडून, टर्निंग-होनिंग करून दुरुस्त करणं हे बहुधा हस्तोद्योगात मोडतं. फाइन मेकॅनिकचं काम हे त्या व्यवसायांपैकी आहे ज्यांना 'माइस्टर' ही उस्ताद कारागिराची पदवी लागते. आपल्या माणसाकडे बेळगावची मेकॅनिकल डिप्लोमा आणि पंधरा वर्षांचा हात आहे. तो अनुभव मोलाचा आहे, पण पदवी नाही. मग पगारी माइस्टर ठेवावा लागतो किंवा अपवादाची परवानगी मागावी लागते, आणि प्लॅनमध्ये याचा उल्लेखच नसेल तर फाइल तिथेच थांबते.

म्हणून योजना फिरवली. सिलिंडर उद्यमबागेतल्याच युनिटमध्ये बनतील. हागेनमधली कंपनी मोजमाप घेईल, ऑर्डर देईल, साठा ठेवेल आणि माल पुरवेल. बसवण्याचं काम गिऱ्हाइकाचा मेकॅनिक करेल. मशीनचा खर्च 48,000 वरून 15,000 वर आला, कामगाराच्या पगाराचे 20,000 वाचले, साठ्यासाठी 10,000 वाढले. गरज 96,000 युरो, म्हणजे 96 लाख. टीसीएस 17 लाख 20 हजार. एकूण 1 कोटी 13 लाख 20 हजार, आणि सुमारे 22 लाख गाठीशी राहतात. मला ही योजना पहिल्यापेक्षा कितीतरी भक्कम वाटते. कारण बेळगावचं चालू युनिट आता तिचा आधार झालं आहे आणि त्याचे तीन वर्षांचे ताळेबंद अर्जाला जोडता येतात.

एक बाजू मात्र यात लंगडी पडते: तिथल्या रोजगाराला हातभार कमी लागतो. म्हणून दुसऱ्या वर्षी एक स्थानिक कर्मचारी दाखवावा, त्याच्या पगारासकट. आणि "जर्मनीत हायड्रॉलिकची मोठी बाजारपेठ आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा हागेनच्या परिसरातल्या दोन-तीन कारखान्यांकडून पत्र आणावं की सध्या असा सिलिंडर मिळायला आम्हाला किती आठवडे लागतात आणि हा पुरवठादार आला तर आम्ही चाचणी ऑर्डर देऊ. आयएचकेवाला त्या कारखान्यांना ओळखत असतो.

चौथी चूक: पैसे आधीच पाठवणे

कंपनी नोंदवली म्हणून तिथे राहून काम करायचा हक्क मिळत नाही. व्हिसाला महिने लागू शकतात, आणि तोवर पाठवलेला पैसा न गुंतवता पडून राहिला तर 180 दिवसांत परत आणावा लागतो. पुराव्यासाठी पैसा इथेच, स्वतःच्या खात्यात, स्थिर ठेवा. शेअर भांडवल पाठवायच्या आधी बँकेमार्फत परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा यूआयएन हा ओळख क्रमांक घ्या. त्याशिवाय पाठवलेली रक्कम इथे नियमभंग ठरते.

वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची पुरेशी तरतूद वेगळी दाखवावी लागते. पीएफ, पेन्शन पॉलिसी, भाड्याचं गाळ्याचं उत्पन्न हे सगळं त्यासाठी मांडा, धंद्याच्या भांडवलात पुन्हा मोजू नका.

अर्ज कुठे करायचा हे पत्त्यावरून ठरतं. बेळगाव, खानापूर, निपाणी इथे राहणाऱ्यांसाठी बेंगळुरूचा जर्मन वाणिज्य दूतावास. कारखाना उद्यमबागेत पण घर चंदगड किंवा गडहिंग्लजला असेल तर तो माणूस महाराष्ट्राचा रहिवासी ठरतो आणि त्याचा अर्ज मुंबईकडे जातो. कारखान्याच्या जीएसटीवरचा पत्ता कर्नाटकातला आणि पासपोर्टवरचा महाराष्ट्रातला असेल, तर सध्याच्या राहण्याचा पुरावा कोणत्या बाजूचा देणार हे अर्जासाठी भेटीची वेळ घेण्याआधीच ठरवून टाका.